पोटॅशचे पोते आणि रुपयाचा भाव

रुपया घसरला की परदेशी माल रुपयांत महाग पडतो. पण तो किती महाग पडतो, कधी पडतो आणि त्या महागाईचा भार शेवटी कोणाच्या खिशावर जातो, याची उत्तरे मालागणिक आणि काळागणिक बदलतात. विनिमय दरातला बदल आयात किमतींत किती उतरतो याचा अर्थशास्त्रज्ञ दोन टप्प्यांत विचार करतात. पहिला टप्पा बंदरापर्यंतचा: डॉलर दहा टक्के महागला, तर बोटीतून उतरलेल्या मालाची रुपयांतली किंमत किती टक्के वाढली? दुसरा टप्पा बंदरापासून दुकानापर्यंतचा आणि तिथून महागाईच्या निर्देशांकापर्यंतचा. पहिल्या टप्प्यावर बाजार आणि करार राज्य करतात. दुसऱ्यावर भारतात बराच काळ सरकारने राज्य केले.

हे दोन्ही टप्पे स्वच्छ दिसतील अशी एक वस्तू आहे, म्युरेट ऑफ पोटॅश. कृषी सेवा केंद्रात तिला नुसते पोटॅश म्हणतात आणि रंगावरून लाल पोटॅशही. भारतात पोटॅशच्या खाणी चालत नाहीत, त्यामुळे शेतात पडणारा जवळपास प्रत्येक कण बोटीने येतो. जगात ते विकणारे मोजके आहेत: कॅनडा, रशिया, बेलारूस, इस्रायल, जॉर्डन. भारत मोठा गिऱ्हाईक असल्याने वार्षिक करारात थोडीफार घासाघीस करू शकतो, पण भाव त्याच्या हातात नसतो आणि सौदा डॉलरमध्येच होतो. पाठ्यपुस्तकात ‘लहान खुली अर्थव्यवस्था’ म्हणतात ती आकाराने लहान असावीच लागते असे नाही. जगाचा भाव मुकाट्याने स्वीकारणारी असली की पुरे. पोटॅशच्या बाबतीत एवढा मोठा भारत त्याच रांगेत बसतो.

डॉलरमधल्या सौद्यांना महत्त्व आहे. गीता गोपीनाथ यांनी 2015मध्ये दाखवून दिले की भारताच्या आयातीपैकी अमेरिकेतून येणारा माल जेमतेम पाच टक्के असला, तरी 86 टक्के आयातीची बिले डॉलरमध्ये फाटतात. विक्रेता कॅनडाचा असो की जॉर्डनचा, रुपया डॉलरपुढे घसरला की बिल लगेच आणि जवळपास पूर्ण वाढते. श्रीमंत देशांत असे होत नाही. कंपा आणि गोल्डबर्ग यांनी 2005मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार त्या देशांत चलनाच्या घसरणीपैकी पहिल्या तिमाहीत सरासरी निम्म्याहून थोडी कमी आणि पुढे सुमारे दोन तृतीयांश आयात किमतींत उतरते. उरलेला भार परदेशी विक्रेता आपला नफा कमी करून सोसतो, कारण त्याला तिथली बाजारपेठ गमवायची नसते. पोटॅश विकणाऱ्याला भारतात तशी काळजी नव्हती.

हे पोटॅश जिथे मुबलक लागते असा पट्टा म्हणजे पुणे जिल्ह्यातले शिरूर आणि दौंड हे दोन तालुके. भीमा नदीने बऱ्याच अंतरापर्यंत त्यांची हद्द आखली आहे, उत्तरेला शिरूर आणि दक्षिणेला दौंड. दोन्ही मुळात कमी पावसाचे. दौंडला खडकवासल्याचा कालवा पोहोचला, शिरूरला घोड आणि चासकमानचे पाणी आले, नदीकाठी उपसा सिंचन उभे राहिले आणि ऊस पसरला. दौंडमध्ये पाटसचा भीमा आणि शिरूरमध्ये न्हावऱ्याचा घोडगंगा हे सहकारी कारखाने त्या उसावर उभे राहिले, शिवाय केडगाव-यवत भागातली गुऱ्हाळे होतीच. ऊस हे खाऊ पीक. आडसाली लागणीसाठी कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी 400 किलो नत्र, 170 किलो स्फुरद आणि 170 किलो पालाश अशी आहे. एकराला हिशेब केला तर स्फुरदासाठी डीएपीची सुमारे तीन पोती आणि पालाशासाठी पोटॅशची सव्वादोन पोती लागतात (युरिया वेगळाच). डीएपीदेखील एक तर तयार आयात होते किंवा आयात केलेल्या फॉस्फरिक आम्लापासून इथे बनते. म्हणजे दौंडच्या एका एकर उसात नत्र सोडून जे खत पडते, ते बहुतांशी डॉलरमध्ये विकत घेतलेले असते.

1991पर्यंत या शेतकऱ्याला डॉलरचा भाव माहीत असण्याचे काही कारण नव्हते. 6 जून 1966ला रुपयाचे अवमूल्यन झाले, डॉलर 4 रुपये 76 पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला, तेव्हा रासायनिक खत मुळातच थोडे वापरले जाई. पुढे खत वाढले तसे सरकार मध्ये आले. एस. एस. मराठे यांच्या समितीच्या शिफारशीनंतर 1977मध्ये नत्रखतांसाठी धारण किंमत योजना सुरू झाली आणि दोन वर्षांनी ती स्फुरदयुक्त खतांनाही लागू झाली. कारखान्याचा खर्च अधिक ठरलेला नफा एवढी किंमत सरकार मान्य करी आणि शेतकऱ्याला त्याहून कमी भावाने खत देऊन मधला फरक अनुदान म्हणून भरी. पोटॅशची आयात सरकारी एमएमटीसीमार्फत होई आणि तिथेही फरक सरकारच सोसे. 1981पासून दहा वर्षे खतांच्या विक्रीकिमती जवळपास हलल्याच नाहीत, त्याच काळात डॉलर सुमारे 8 रुपयांवरून 18 रुपयांच्या घरात गेला. पहिला टप्पा पूर्ण होत होता, दुसरा शून्य होता. कालव्याला पाणी सुटले तरी चारीचे दार बंद असेल तर शेत कोरडे राहते. इथे दार सरकारच्या हातात होते आणि तुंबलेले पाणी अर्थसंकल्पात साचत होते. 1990-91मध्ये खत अनुदानाचा आकडा सुमारे 4,400 कोटी रुपयांवर पोहोचला.

त्याच वर्षी दार बंद ठेवणाऱ्यालाच दम लागला. ऑगस्ट 1990मध्ये इराकने कुवेत गिळले, तेल महागले, आखातातून येणारा पैसा आटला आणि अनिवासी भारतीयांनी ठेवी काढायला सुरुवात केली. दिल्लीत सरकारे बदलत होती. परकीय चलनाचा साठा जून 1991पर्यंत सव्वा अब्ज डॉलरच्याही खाली आला, म्हणजे दोन आठवड्यांच्या आयातीपुरता. आयातीला लगाम घालायला रिझर्व्ह बँकेने आयातदारांकडून मालाच्या किमतीच्या दुप्पट रोख ठेव मागण्यापर्यंत मजल मारली आणि सोने गहाण पडले. 21 जूनला पी. व्ही. नरसिंह राव पंतप्रधान झाले. 1 आणि 3 जुलैला, दोन टप्प्यांत, रुपयाचे अवमूल्यन झाले. जो डॉलर 21 रुपयांना मिळत होता तो 26 रुपयांच्या घरात गेला.

या दोन दिवसांनी पोटॅशच्या किमतीचे काय केले ते ढोबळ हिशेबाने पाहता येते. भारतीय बंदरात पोहोच टनाला 130 डॉलर धरले, तर अवमूल्यनाआधी ते 2,730 रुपयांना पडत होते आणि नंतर 3,380 रुपयांना. वाढ 650 रुपयांची, टक्केवारीत डॉलरच्या वाढीएवढीच. शेतकऱ्याचा दर मात्र 1,300 रुपये टन होता, म्हणजे पोत्याला 65. पाटसच्या किंवा न्हावऱ्याच्या सोसायटीच्या गोदामात 4 जुलैलाही तो 65च होता. साडेसहाशे रुपये कुठे गेले, तर सरकारच्या खात्यावर.

24 जुलैच्या अर्थसंकल्पात डॉ. मनमोहन सिंग यांनी खतांचे दर सरासरी 40 टक्क्यांनी वाढवले. संसदेत गदारोळ झाला आणि दोन आठवड्यांत वाढ 30 टक्क्यांवर आली, शिवाय अल्पभूधारकांना तीतून सूट मिळाली. पोटॅशचे पोते 65वरून 85 रुपयांवर गेले, डीएपीचे 180वरून 234वर. एकाच गोदामात एकाच खताला दोन दर आले की कोणता सातबारा कोणाचा, हे ठरवण्यातच सगळी हुशारी खर्ची पडते. ती सूट फार काळ टिकली नाही. एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ही 30 टक्क्यांची वाढ विनिमय दर बदलला म्हणून आपोआप झालेली नव्हती. ती अनुदान आवरण्यासाठी घेतलेला निर्णय होता आणि अवमूल्यनाने तो टाळता येण्याजोगा ठेवला नाही. आकडेवारीत या दोन गोष्टी वेगळ्या काढणे जिकिरीचे असते. त्या महिन्यांत महागाईही चढलेली होती. ऑगस्ट 1991मध्ये घाऊक किमतींची वार्षिक वाढ 16 ते 17 टक्क्यांवर गेली होती. पण तीत आधीच्या वर्षांची अर्थसंकल्पी तूट, धान्याच्या वाढवलेल्या खरेदी किमती आणि आवळलेली आयात यांचाही वाटा मोठा होता. सगळी महागाई रुपयाच्या नावावर टाकणे सोयीचे आहे, बरोबर नाही.

खरे दार उघडले तेरा महिन्यांनी. साताऱ्याचे खासदार प्रतापराव भोसले यांच्या अध्यक्षतेखाली खतांच्या किमतींवर संयुक्त संसदीय समिती बसली होती. तिचा अहवाल ऑगस्ट 1992मध्ये आला. समितीचे म्हणणे थोडक्यात असे की अनुदान वाढण्याची मोठी कारणे रुपयाचे अवमूल्यन आणि आयात कच्च्या मालाची महागाई ही आहेत, आणि ज्या खतांचा पाया आयातीवर आहे त्यांच्यावरचे नियंत्रण उठवावे. 25 ऑगस्ट 1992ला डीएपी, पोटॅश आणि मिश्रखते नियंत्रणमुक्त झाली. युरिया नियंत्रणातच राहिला, उलट त्याचा दर दहा टक्क्यांनी उतरवला गेला.

पुढच्या रब्बीत डीएपीचा भाव 1991च्या उन्हाळ्याच्या जवळपास दुपटीवर आणि पोटॅशचा अडीच-तीन पटीवर गेला. सरकारने घाईने टनाला हजार रुपयांची तात्पुरती सवलत दिली, त्यानंतरची ही स्थिती. एका एकर आडसालीचा डीएपी-पोटॅशचा खर्च अवमूल्यनाआधी साधारण 690 रुपये होता, ऑगस्ट 1991नंतर 890 झाला आणि आता चौदाशेच्या आसपास पोहोचला. त्याच काळात डॉलर 21वरून 26 आणि मार्च 1993मध्ये दर एकत्र झाल्यावर 31 रुपये झाला, म्हणजे एकूण वाढ पन्नास टक्क्यांहून कमी. खताची किंमत त्याहून कितीतरी जास्त वाढली, कारण दहा वर्षे अडवून ठेवलेली घसरण आणि नवी घसरण एकदम उतरली. किमतींत जी वाढ दिसते ती त्याच वेळच्या विनिमय दराची असते असे नाही, हे या उदाहरणाइतके स्पष्ट क्वचितच दिसते.

इथून पुढे गोष्ट महागाईची आहे, आणि तीच अपेक्षेपेक्षा वेगळी वळते. कारखानदाराचा कच्चा माल महागला की तो तयार मालाची किंमत वाढवतो. ऊस उत्पादकाला ते करता येत नव्हते. उसाची वैधानिक किमान किंमत केंद्र सरकार ठरवे: 1991-92मध्ये क्विंटलला 26 रुपये, पुढच्या हंगामात 31. कारखान्याला साखरेचा ठरावीक हिस्सा सरकारला लेव्हीच्या दराने द्यावा लागे आणि उरलेली साखरही सरकार सांगेल तेवढीच दर महिन्याला विकता येई. खताच्या वाढीचा भार पुढे ढकलायला जागाच नव्हती. गुऱ्हाळवाल्याला दर मोकळा होता, पण गुळाचा भाव बाजारातल्या आवकेवर आणि साखरेच्या भावावर ठरतो. लागणीला पोटॅश किती रुपयांचे टाकले हे आडत्याला कोण विचारतो? किमान किंमत ठरवताना कृषी मूल्य आयोग खर्चाचा विचार करतो खरा, पण मागे वळून करतो. लागण, तोड आणि आयोगाचा अहवाल या वाटेने खताची वाढ उसाच्या दरात पोहोचायला दोन-तीन हंगाम जात.

म्हणून किमतीचा धक्का प्रमाणात उतरला. महाग खत कमी टाकले गेले आणि स्वस्त झालेला युरिया जास्त. देशात पालाशाचा वापर 1991-92मध्ये साडेतेरा लाख टन होता, पुढच्या वर्षी तो नऊ लाखांच्या खाली आला. स्फुरद 33 लाखांवरून 28 लाखांवर आले. नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे गुणोत्तर एका वर्षात 5.9 : 2.4 : 1 वरून 9.5 : 3.2 : 1 झाले. भीमाकाठच्या उसाला हे तितकेच लागू, कारण दर सगळीकडे सारखेच वाढले होते. पोटॅश कमी पडल्याची खूण लगेच दिसत नाही, कारण दख्खनच्या काळ्या जमिनीत मुळात पालाश बऱ्यापैकी असते. दोन-तीन खोडवे निघाल्यावर जुन्या पानांच्या कडा करपतात, ऊस लोळतो, उतारा घसरतो. तोवर त्याचा संबंध जुलै 1991च्या दोन दिवसांशी लावणारा कोणी उरत नाही. महागाईच्या आकड्यांत या साऱ्याची नोंद जवळपास झालीच नाही.

नियंत्रणमुक्ती फार काळ मुक्त राहिली नाही. तात्पुरती सवलत दरवर्षी वाढत गेली, 1997पासून केंद्र सरकार पुन्हा विक्रीकिमती सुचवू लागले आणि फेब्रुवारी 2002मध्ये डीएपी टनाला 9,350 आणि पोटॅश 4,455 रुपयांवर गेले ते जवळपास आठ वर्षे तिथेच थांबले. दार पुन्हा बंद. या काळात 2008 आले. भारताचा पोटॅशचा करार त्या वर्षी टनाला 625 डॉलरवर गेला आणि वर्षाच्या अखेरीस डॉलर 40वरून पन्नाशीकडे सरकला. पोत्यावर ओरखडाही उठला नाही. 2008-09चे खत अनुदान मात्र एक लाख कोटी रुपयांच्या जवळ गेले. त्यावरचा उतारा म्हणून 1 एप्रिल 2010पासून पोषकद्रव्यावर आधारित अनुदान आले. नियम सोपा होता: पालाशाच्या दर किलोमागे सरकार वर्षभरासाठी ठरलेली रक्कम देईल, बाकी किंमत कंपनीने बाजार पाहून ठरवावी. युरियाला यातून पुन्हा वगळले.

या सोप्या नियमात एक गणित दडलेले होते आणि ते वर्षभरातच उलगडले. ऑगस्ट 2011मध्ये भारतीय आयातदारांनी पोटॅशचा करार केला, डिसेंबरपर्यंत टनाला 470 डॉलर. करार झाला तेव्हा डॉलर 45 रुपयांच्या आसपास होता. डिसेंबरपर्यंत युरोपातल्या कर्जसंकटाने आणि देशातल्या वाढत्या चालू खात्यातील तुटीने तो 52-53 रुपयांवर नेला. डॉलरमधला भाव तोच, विक्रेता तोच. ऑगस्टचे जहाज टनाला 21,150 रुपयांना पडले, डिसेंबरचे सुमारे 24,700 रुपयांना. वाढ साधारण साडेसोळा टक्के, आणि ती सगळीच्या सगळी रुपयाची. पहिल्या टप्प्याचे याहून शुद्ध उदाहरण शोधून सापडणार नाही.

आता अनुदान. 2011-12साठी ते पोटॅशच्या टनामागे सुमारे 16,050 रुपये ठरले होते. ऑगस्टच्या मालातून ते वजा केले तर उरतात 5,100 रुपये, डिसेंबरच्या मालातून केले तर 8,650. आयात कर, पोती भरणे, वाहतूक आणि दुकानदाराचे कमिशन यांत मिळवायचे, पण मुद्दा त्याशिवायही स्पष्ट आहे. रुपया साडेसोळा टक्के घसरला आणि शेतकऱ्याच्या वाट्याची रक्कम सत्तर टक्क्यांच्या आसपास वाढली. पूर्वी अनुदान डॉलरबरोबर हलत असे आणि शेतकऱ्याचा दर स्थिर राही. आता अनुदान स्थिर झाले आणि घसरणीचा प्रत्येक रुपया, पूर्ण किमतीवर नव्हे तर उरलेल्या छोट्या हिश्श्यावर, येऊन आदळला. विनिमय दर किमतीत उतरण्याचे प्रमाण शंभर टक्क्यांहून अधिक कसे असू शकते, हे परीक्षेत विचारले तर विद्यार्थी गोंधळतात. 2012च्या आडसालीची लागण करणाऱ्याला ते दुकानाच्या पावतीवर वाचता येत होते. डीएपीचे पोते, जे 2010पर्यंत 467 रुपयांना मिळे, ते 2012मध्ये बाराशेच्या घरात होते. पोटॅशचे 223 रुपयांचे पोते आठशेच्या पुढे गेले. त्यात जागतिक भाववाढीचाही हिस्सा होता आणि पुढच्या वर्षी सरकारने किलोमागचे अनुदान कमी केले त्याचाही.

इथेही वापर तसाच कोसळला. देशातले पालाश 2010-11च्या 35 लाख टनांवरून दोन वर्षांत 21 लाखांच्या खाली आले आणि गुणोत्तर 8.2 : 3.2 : 1 वर गेले. 2012च्या दुष्काळाने पुणे-सोलापूर-नगर पट्ट्यात लागणीच कमी झाल्या, हेही या घटीत धरावे लागते.

पण 1992 आणि 2012 यांच्यात एक फरक होता. या वेळी खर्चाने दरात शिरण्याची वाट शोधली, आणि ती वाट बाजाराची नव्हे तर आंदोलनाची होती. 2009पासून किमान किमतीच्या जागी रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, आला होता. 2011-12साठी तो क्विंटलला 145 रुपये होता. नोव्हेंबर 2011मध्ये शेतकरी नेते राजू शेट्टी यांनी दौंडला लागूनच असलेल्या बारामतीत उपोषण केले. मागणी पहिली उचल वाढवण्याची होती आणि खत, वीज, मजुरी यांचा वाढलेला खर्च हा तिचा आधार होता. पुढच्या वर्षी ऊस आंदोलनाचा भडका इंदापूर तालुक्यात उडाला. एफआरपी 2012-13मध्ये 170 आणि 2013-14मध्ये 210 रुपये झाली. डॉलरच्या 2011मधल्या उसळीचा काही अंश अशा प्रकारे, दीड-दोन वर्षांनी, आयोगाच्या खर्चपत्रकातून आणि रस्ता रोकोतून उसाच्या दरात आला. साखरेच्या भावात तो नीटसा गेलाच नाही, कारण त्या काळात साखर मुबलक होती. तो कारखान्यांच्या थकबाकीत अडकला.

2013चा उन्हाळा अनेकांच्या आठवणीत वेगळ्या कारणाने आहे. मे महिन्यात अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने रोखेखरेदी कमी करण्याचे सूतोवाच केले आणि 54-55 रुपयांचा डॉलर 28 ऑगस्टला 68च्या पुढे गेला. त्याच आठवड्यांत कांदाही भडकला, आणि शिरूर-दौंडच्या कांदा उत्पादकाला रुपया आणि कांदा यांचा संबंध जोडणाऱ्या बातम्या वाचायला मिळाल्या. संबंध उलटा होता. कांदा आयातीचा नव्हे, निर्यातीचा माल. तो भडकला दुष्काळाने घटलेल्या आवकेमुळे, आणि सरकारने ऑगस्टमध्ये टनाला 650 डॉलर किमान निर्यात मूल्य लावून तो देशातच अडवला. रुपया घसरत असताना काय काय महागले याची यादी करणे सोपे असते, त्यातले काय त्यामुळे महागले हे मालाची वाट तपासल्याशिवाय कळत नाही.

एवढ्या मोठ्या उलथापालथी होऊनही देशाच्या महागाईत रुपयाचा वाटा लहानच निघतो. रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण अहवालांत रुपया पाच टक्के घसरला तर किरकोळ महागाई पाव टक्क्याच्या आगेमागे वाढेल असा अंदाज येत राहिला आहे. शेतकऱ्याचा अनुभव आणि हा अंदाज यांत विसंगती नाही. ग्राहक किंमत निर्देशांकाच्या टोपलीत खत नसतेच, कारण ते कुटुंब खात नाही, पीक खाते. टोपलीत अन्नाचे वजन जवळपास 46 टक्के होते, पण अन्नाचे भाव पावसावर आणि आवकेवर चढतात-उतरतात. ज्याच्या खर्चात डॉलर होता आणि ज्याच्या विक्रीत तो नव्हता, त्याच्या नफ्यात घसरण जिरून गेली. निर्देशांक त्याला मोजत नाही.

2021 आणि 2022मध्ये दोन्ही पद्धती शेजारीशेजारी चालताना दिसल्या. मे 2021मध्ये डीएपीचे पोते 2,400 रुपयांवर जाणार असे दिसताच केंद्राने पोत्यामागचे अनुदान 500वरून 1,200 रुपये केले. 2022च्या खरिपात ते 2,501 रुपयांवर नेले आणि शेतकऱ्याचा दर 1,350वर राखला. युक्रेन युद्धाने डॉलर वर्षभरात 75वरून 82-83 रुपयांवर गेला, तरी डीएपीच्या पावतीवर त्याचा मागमूस नव्हता. 2022-23चे खत अनुदान अडीच लाख कोटी रुपयांवर पोहोचले. पोटॅशला ही ढाल मिळाली नाही. करार टनाला 590 डॉलरचा, सरकारचे अनुदान पोत्यामागे जेमतेम 760 रुपये, आणि दुकानात पोते 1,700 रुपयांच्या आसपास. एकाच दुकानात, एकाच आडसालीसाठी, डीएपीचा दर दिल्लीत ठरत होता आणि पोटॅशचा डॉलर ठरवत होता. त्या वर्षी देशातले नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे गुणोत्तर 11.8 : 4.6 : 1 झाले, म्हणजे 1992-93पेक्षाही पालाशाला प्रतिकूल.